आईच्या कंबरदुखीच्या वहीतून आठवड्याचा सारांश कसा काढायचा?

प्रश्न: आईला (वय ५६) तीन वर्षांपासून कंबरदुखी आहे. फिजिओथेरपिस्टनी रोज डायरी लिहायला सांगितली, तर ती पानपानभर लिहिते. काय खाल्लं, कोण आलं, कंबर कधी दुखली, काय लावलं, सगळं. मागच्या खेपेला वही नेली तर ते म्हणाले, "एवढं वाचायला वेळ नाही, आठवड्याचा एका पानाचा सारांश आणा. कशाने वाढतं आणि कशाने उतरतं, एवढंच." हे नेमकं कसं काढायचं? ती रोज तीन वेळा दुखण्याचे ० ते १० मधले आकडेही लिहिते. मी सरासरी काढून पाहिली, तर दर आठवड्याला ४.७, ४.८ असंच येतं. काहीच कळत नाही.

उत्तर:

सरासरी आधी सोडून द्या. जुन्या कंबरदुखीत ती महिनोन्‌महिने जागची हलत नाही, आणि तुम्हाला जे शोधायचंय ते नेमकं तिच्यातच बुडून जातं. आईचा आठवडा ४.८ चा होता यापेक्षा गुरुवारी सकाळी ७ का झाले, हा प्रश्न कामाचा आहे. आणि त्याचं उत्तर गुरुवारच्या पानावर बहुतेक वेळा नसतं. ते बुधवारच्या पानावर असतं.

मी एकोणीस वर्षं फिजिओथेरपी करतोय. अशा वह्या भरपूर वाचल्यात. माझ्याकडे येणाऱ्या एका काकूंचा एक आठवडा इथे मांडतो. त्यांची परवानगी आहे, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. काकू घरून जेवणाचे डबे देतात. कंबर दुखायला लागून तेव्हा चार वर्षं झाली होती.

बुधवारचं पान असं होतं: "आज सकाळी फार बरं वाटलं. म्हटलं माळ्यावरचं सामान खाली काढलंच आहे तर आवरून टाकू. जेवणापर्यंत झालं. रात्री जरा जड वाटत होतं. गुडघ्याला तेल लावलं."

आणि गुरुवारचं: "रात्री पंख्याचा गार वारा लागला. उठताच येईना, कंबर धरली. गोळी घेतली, शेकलं. जेवून पडले. उठले तर तेच."

ही दोन पानं शेजारी ठेवली की बाहेरच्या माणसाला लगेच दिसतं. काकूंना मात्र दिसलं नव्हतं. त्यांच्या मते गुन्हेगार पंखा होता, कारण झोपेतून उठल्यावरच कंबर धरली होती. माळा आवरताना तर फारसं दुखलं नव्हतं!

आता वहीतून काय उचलायचं ते सांगतो. रोजच्या पानातून फक्त चार गोष्टी घ्या. दुखण्याचे तीन आकडे, कोणत्या स्थितीत किती वेळ गेला, उपाय कोणता केला, आणि आईचा स्वतःचा संशय कशावर आहे.

आकड्यांबाबत एकच आग्रह धरा, वेळा ठरलेल्या असू द्या. सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत, दुपारी तीनच्या सुमाराला, आणि झोपायच्या आधी. "दुखलं की लिही" असं सांगितलं तर वहीत फक्त वाईट क्षण जमा होतात. आकडा त्या वेळचाच हवा. रात्री बसून सकाळचा आकडा आठवायला लावला, तर रात्री जेवढं दुखत असेल त्याचा रंग सकाळवर चढतो.

स्थिती आणि वेळ, इथे जरा थांबतो, कारण बहुतेक सारांश इथेच फसतात. "घरकाम केलं" ही नोंद माझ्या काहीच उपयोगाची नाही. घरकामात ओट्याशी उभं राहून पोळ्या लाटणं येतं, उकिडवं बसून लादी पुसणं येतं आणि वाकून बादली उचलणंही येतं. कंबरेच्या दृष्टीने ही तीन वेगळी कामं आहेत. म्हणून कामाचं नाव बाजूला ठेवा आणि तीनच रकाने करा: खाली बसून किंवा वाकून किती मिनिटं, सलग उभं किती मिनिटं, चालणं किती मिनिटं. जड उचललं असेल तर ते शेजारी शब्दांत लिहा. खुर्चीत किंवा गाडीत बसणं आईचं जास्त असेल तर त्याचा चौथा रकाना करा. मिनिटं अदमासे चालतील, पण ती त्याच रात्री विचारा. "जेवणापर्यंत झालं" म्हणजे किती? मी काकूंना विचारलं तेव्हा कळलं, दहाला बसल्या त्या पावणेबारापर्यंत. मध्ये एकदाही उठल्या नव्हत्या. पावणेदोन तास सलग जमिनीवर, पुढे वाकून.

गुडघ्याचं तेल, पाहुणे, टीव्हीवरची मालिका हे गाळा. पंखा मात्र गाळू नका, तो संशयाच्या रकान्यात लिहा. पुढे त्याची झडती घ्यायची आहे.

काकूंचा आठवडा या पद्धतीने उतरवला तो असा. शेवटचा आकडा खाली बसून किंवा वाकून काढलेल्या मिनिटांचा आहे.

सोमवार: सकाळ ४, दुपार ४, रात्र ४. खाली २०.
मंगळवार: ४, ५, ४. खाली १५.
बुधवार: ३, ४, ५. खाली १०५, सलग.
गुरुवार: ७, ७, ६. खाली ०.
शुक्रवार: ६, ५, ५. खाली १०.
शनिवार: ४, ४, ५. खाली ९०, लादी आणि मग भाजी निवडणं.
रविवार: ६, ५, ४. खाली २५.

एकवीस आकड्यांची सरासरी काढाल तर ४.८ येते, तुमच्यासारखीच. त्याऐवजी आधी "नेहमीची पातळी" काढा. सातही सकाळचे आकडे लहान-मोठे क्रमाने लावा आणि मधला उचला. ३, ४, ४, ४, ६, ६, ७ यात मधला ४. म्हणजे काकूंची नेहमीची सकाळ ४ ची. एखादा भयंकर दिवस या मधल्या आकड्याला ओढून नेत नाही, म्हणून तो सरासरीपेक्षा भरवशाचा. त्याहून २ किंवा जास्त अंकांनी वर गेलेल्या सकाळींभोवती गोल करा. एका अंकाचा फरक रोजच्या चढउतारात येतो, त्याच्यामागे धावू नका. दोन अंकांचा फरक सहसा माणसाला स्वतःलाही जाणवतो.

काकूंच्या आठवड्यात तीन गोल झाले: गुरुवार ७, शुक्रवार ६, रविवार ६.

आता प्रत्येक गोलापासून एक दिवस मागे जा. गुरुवारच्या मागे बुधवारचे १०५. रविवारच्या मागे शनिवारचे ९०. बाकी ज्या दिवशी खाली बसणं २५ मिनिटांच्या आत होतं, त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ ३ किंवा ४. (सोमवारच्या सकाळसाठी आधीच्या आठवड्याचा रविवार लागतो, म्हणून सारांश काढताना मागच्या आठवड्याचं शेवटचं पान जवळ ठेवा. काकूंचा तो रविवार चालण्यात गेला होता.)

शुक्रवारी मात्र हिशेब चुकतो. गुरुवारी खाली बसणं शून्य, तरी शुक्रवार ६. अशी न जुळणारी नोंद झाकू नका, सारांशात लिहाच. चाळवलेली कंबर एका दिवसात शांत होत नाही, दोन-तीन दिवस घेते. त्यामुळे ७ नंतरचा ६ हे बहुधा त्याच भडक्याचं शेपूट असतं. माझा नियम असा आहे की गोलाला लागून गोल आला तर दोन्ही मिळून एकच प्रसंग मोजायचा आणि पहिल्याच्या मागे जाऊन कारण शोधायचं. तसं केलं की या आठवड्यात भडके दोनच उरतात आणि दोन्हींच्या आदल्या दिवशी तासाहून जास्त वेळ खाली बसणं होतं.

काम करताना फारसं न दुखता दुसऱ्या दिवशी का दुखतं, असं तुमची आई विचारेलच. बराच वेळ पुढे वाकून राहिलं की पाठीमागचे अस्थिबंध आणि स्नायू ताणलेले राहतात, आणि त्याची कुरकुर काही तासांनी वर येते. त्यात रात्रभर आडवं राहिल्याने मणक्यांमधल्या गाद्या पाणी धरून फुगलेल्या असतात, म्हणून उठल्यावर पहिला तासभर कंबर वाकायला जास्त कुरकुरते. याचा अर्थ काही फाटलं किंवा सरकलं असा नाही. हे आईला स्पष्ट सांगा, नाहीतर ७ आकडा बघून ती पुन्हा एमआरआय काढायला निघेल.

आता संशयाच्या रकान्याची झडती. काकूंनी गुरुवारला पंखा जबाबदार धरला होता आणि रविवारला आदल्या रात्रीची वालाची उसळ. "वात झाला" असं लिहिलं होतं. मी अशा संशयावर हसत नाही, तपासतो. प्रत्येक संशयिताला दोन प्रश्न विचारायचे: तू हजर असताना कंबर चाळवली नाही असं कधी झालं का, आणि तू नसताना चाळवली का? पंखा साती रात्री चालू होता. वाल सोमवारीही डब्यात होते, काकूंनीही तेच खाल्ले होते, आणि मंगळवारची सकाळ नेहमीसारखी ४ होती. दोघेही सुटले. खाली बसण्याला हेच दोन प्रश्न विचारले तर ते मात्र सुटत नाही. तरी ही दोनच उदाहरणं आहेत. एका आठवड्यावरून मी सारांशात "कारण" असा शब्द लिहीत नाही, "संशय पक्का होतोय" एवढंच लिहितो. तीन-चार आठवडे तोच सांधा जुळत राहिला की मग कारण म्हणायचं.

बुधवारची सकाळ ३ होती, आठवड्यातली सगळ्यात चांगली, हेही बघा. बरं वाटलं म्हणून काकू माळ्याच्या मागे लागल्या. जुन्या कंबरदुखीत हे चक्र मला फार वेळा दिसतं: बरा दिवस, त्या दिवशी साठलेल्या सगळ्या कामांचा फडशा, मग दोन दिवस अंथरुणात, कामं पुन्हा साठतात. म्हणून तीन-चार आठवडे झाले की नेहमीपेक्षा कमी आकड्याच्या सकाळींवर चौकोन करा आणि त्या दिवशी काय झालं ते बघा. चौकोनानंतर एक-दोन दिवसांत गोल येत असेल तर ती ओळ सारांशात सगळ्यात वर जायला हवी.

उताराचा भाग वाढीपेक्षा फसवा असतो. माणूस उपाय करतो तोच मुळी दुखणं शिगेला पोचल्यावर. शिगेवरून ते पुष्कळदा आपोआपही उतरतं, आणि श्रेय जे हाताशी असेल त्याला जातं, बामला, पट्ट्याला, गोळीला. हे पूर्ण टाळता येत नाही. पण दोन सवयींनी बरंच सावरतं. उपायाच्या आधीचा आकडा आणि तासाभराने आकडा लिहायचा, आणि शक्यतो एका वेळी एकच उपाय करायचा. "बामने बरं वाटलं" हे सारांशात येत नाही, कारण त्याला आधी-नंतर नाही.

काकूंचे त्या आठवड्यातले उपाय असे निघाले. नुसती गरम पाण्याची पिशवी तीन वेळा: गुरुवारी रात्री ६ वरून ५, शनिवारी रात्री ५ वरून ४, रविवारी संध्याकाळी ५ वरून ४. दर वेळी एकच अंक, पण दर वेळी. घरातल्या घरात दहा-पंधरा मिनिटं चालणं दोन वेळा: शुक्रवारी ५ वरून ४, रविवारी सकाळी ६ वरून ४. गुरुवारी अकराला गोळी आणि शेक एकदमच, ७ वरून ५. इथे कुणी काम केलं ते सांगता येत नाही, म्हणून "दोन्ही मिळून" असंच लिहायचं. आणि गुरुवारी दुपारी जेवून दोन तास पडणं: आधी ५, उठल्यावर ७.

शेवटची नोंद मला सगळ्यात मोलाची वाटली. काकू ते पडणं उपाय म्हणून करत होत्या. पाच ते सात हा बदल एकदाच नोंदला गेला, आणि त्या वेळी गोळीचा असरही उतरत असेल, म्हणून एवढ्यावर निकाल देता येत नाही. पण पुढच्या आठवड्यात बघायची गोष्ट ठरली: पडायचं तर अर्धा तास, गजर लावून.

गोळ्यांची ओळ वेगळी ठेवा, कोणती, किती मिलिग्रॅमची, आठवड्यात किती. ही ओळ फिजिओपेक्षा डॉक्टरांना जास्त लागते. दुखणं ४ वरच आहे पण गोळ्या दोनवरून सहावर गेल्यात, ही सुधारणा नव्हे. आईला रक्तदाब, मूत्रपिंडाचा किंवा पित्ताचा त्रास असेल आणि वेदनाशामक गोळ्या वाढत असतील तर पुढच्या भेटीची वाट न बघता डॉक्टरांना दाखवा.

यावरून काकूंचं पान असं झालं:

> नेहमीची सकाळ: ४ (या आठवड्यात ३ ते ७)
> भडके: २. गुरु-शुक्र (७, ६) आणि रवि (६)
> आदल्या दिवशी: दोन्ही वेळा खाली बसून/वाकून ९० मिनिटं किंवा जास्त. २५ मिनिटांच्या आत असलेल्या दिवसांनंतर सकाळ ३ ते ४. अपवाद शुक्रवार, भडक्याचा दुसरा दिवस
> बरी सकाळ (३): बुधवार, त्याच दिवशी माळा आवरला, दुसऱ्या दिवशी ७
> उतार: शेक ३ वेळा, दर वेळी १ अंक. चालणं २ वेळा, १ आणि २ अंक. शेक+गोळी एकत्र १ वेळा, २ अंक
> उलटं गेलं: दुपारी २ तास पडणं, ५ वरून ७
> तपासून सोडले: पंखा, वाल
> गोळ्या: १
> पुढच्या आठवड्यात: खाली सलग २० मिनिटांहून जास्त नाही, पडणं ३० मिनिटं

वीस मिनिटं कुठून आली? वहीतूनच. बुधवारबद्दल विचारल्यावर काकूंनी सांगितलं, "अर्ध्या तासाने कंबर बोलायला लागली होती, पण म्हटलं एवढं संपवू." शनिवारी तेच वीस-पंचवीस मिनिटांनी झालं. म्हणजे सहन होण्याची मर्यादा साधारण पंचवीस मिनिटं. सुरुवात त्याच्या पाचव्या हिश्श्याने कमी ठेवून करतो, म्हणून वीस. आणि ही मर्यादा बऱ्या दिवशीही पाळायची, तिचा सगळा उपयोग त्यातच आहे. वीस मिनिटं झाली की उठायचं, चार फेऱ्या मारायच्या, वाटलं तर पुन्हा बसायचं. काकूंनी लादीसाठी दांड्याचा मॉप आणला आणि भाजी डायनिंग टेबलावर निवडायला घेतली. पुढच्या रविवारी सकाळी आकडा ४ होता. चौथ्या आठवड्यापर्यंत भडका एकच आला, तोही एका लग्नानंतर. तिथे पंगतीत मांडी घालून बसणं आणि एसटीचा प्रवास दोन्ही एकाच दिवशी झाले होते, त्यामुळे तो कुणाच्या नावावर लिहायचा ते ठरलं नाही. त्यानंतर वीसची पंचवीस केली.

तुमच्या आईचं चित्र असंच निघेल असं समजू नका. काहींच्या वहीत नेमकं उलटं दिसतं: उभं राहिल्याने, चालण्याने पायांत गोळे येतात, जडपणा येतो, आणि बसलं किंवा पुढे वाकलं की दोन मिनिटांत उतरतं. असं निघालं तर त्या ओळीखाली रेघ मारा, कारण साठीच्या आसपास हे मज्जारज्जूची जागा अरुंद झाल्याचं लक्षण असू शकतं आणि त्याचे व्यायाम वेगळे असतात. वहीत पहाटे दुखण्याने जाग येते, सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त राहतो आणि विश्रांतीने नाही तर हालचालीने सुटतो असं वारंवार दिसलं, तर तेही सांगा. तो संधिवाताच्या गटातला त्रास असू शकतो. हा बहुधा चाळिशीच्या आत सुरू होतो, पण वहीत दिसलं तर लपवू नका.

काही गोष्टी मात्र सारांशासाठी थांबवायच्याच नाहीत. लघवी अडणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा, पाऊल उचलता न येणं, ताप आणि सोबत कंबरदुखी, पडल्यानंतर अचानक वाढलेलं दुखणं: यातलं काहीही पानावर दिसलं तर वही मिटा आणि आईला त्याच दिवशी दवाखान्यात न्या. लघवी, ताबा किंवा बधिरपणा यांपैकी काही असेल तर सरळ मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात.

कामाला किती वेळ लागतो? पहिल्या रविवारी तासभर, पुढे वीस-पंचवीस मिनिटं. आईच्या शेजारी बसून करा, कारण मिनिटं तीच सांगणार आहे. पान वाचून दाखवल्यावर ती "छे, पंख्यानेच" म्हणाली तर वाद घालू नका. पुढच्या आठवड्यात तीन रात्री पंखा बंद ठेवा आणि आकडे लिहा.

आणि ही वही कायम चालवू नका. दिवसातून तीनदा "किती दुखतंय" असं स्वतःला विचारत राहिलं की लक्ष कंबरेवरच खिळतं, काहींचं दुखणं त्यानेच वाढतं. सहा-आठ आठवड्यांत चित्र स्पष्ट झालं की रोजचं लिहिणं बंद करा. पुढे फक्त सकाळ नेहमीपेक्षा दोन अंकांनी वर गेली तर त्या दिवसाचं आणि आदल्या दिवसाचं पान लिहायचं.